आजींच्या एफडीवर नॉमिनी कोण?

नोव्हेंबर महिन्यात बँकेत पेन्शनर मंडळींची रांग लागते. हयातीच्या दाखल्यासाठी आलेली माणसं जाताजाता पासबुक भरून घेतात, एफडीच्या पावत्या दाखवतात आणि मग हमखास नॉमिनीचा विषय निघतो. अशाच एका आजींनी काउंटरवर मला तीन प्रश्न विचारले. मागे रांग खोळंबली होती, पुढचे काका घड्याळाकडे बघत होते, त्यामुळे धड उत्तरं देता आली नाहीत. म्हणून मग सवडीने लिहून दिलं. हे प्रश्न बहुतेक घरांत असतात, तेव्हा ते टिपण इथे देते आहे. आजींचं नाव गाळलं आहे, घरातली नावं आणि रकमाही बदलल्या आहेत. खातेदाराचा हिशेब चारचौघांत सांगायचा नसतो, ही आमच्या नोकरीतली पहिली अट.

आदरणीय आजी, नमस्कार.

परवा तुम्ही म्हणालात, "अगं, नॉमिनी लावलेला आहे सगळीकडे. ह्यांनीच लावून ठेवलाय. आता मला काही बघायला नको." तुम्ही गेल्यावर मी तुमची तिन्ही खाती संगणकावर उघडून पाहिली. बघायला हवं, आजी.

सहा लाखांची जी एफडी तुमच्या एकटीच्या नावावर आहे, तिच्यावर नॉमिनी म्हणून आजोबांचं नाव आहे. आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली. एफडी दर वर्षी आपोआप नवी होते आणि तिच्याबरोबर नॉमिनीची जुनी नोंदही पुढे चालू राहते, त्यामुळे पावतीवर अजून 'नॉमिनेशन रजिस्टर्ड' असं छापून येतं. पण जो माणूस हयात नाही, तो पैसे घ्यायला येणार कुठून? ती नोंद आज असून नसल्यासारखी आहे.

तीन लाखांच्या दुसऱ्या एफडीवर तर तो रकाना कोराच आहे. ती तुम्ही नंतर काढलेली दिसते. त्या दिवशी कोणीतरी फॉर्मवर 'नॉमिनी नको' या चौकोनात खूण केली आणि तुम्ही खाली सही केलीत. गर्दीच्या वेळी असं सर्रास होतं. नॉमिनी नको असेल तर खातेदाराने तसं लेखी द्यायचं असतं, आणि फॉर्म भरून देणाऱ्याला ती एक खूण करणं सगळ्यात सोपं पडतं. आता बचत खातं. ते तुमचं आणि आजोबांचं जॉइंट होतं. त्यावर नॉमिनी तुमचे थोरले चिरंजीव आहेत, पण नाव लिहिलंय 'बाळासाहेब'. घरात आणि गल्लीत त्यांना बाळासाहेब म्हणत असतील. आधार कार्डावर ते दत्तात्रय आहेत. उद्या माझ्या जागी बदलून आलेली मुलगी त्यांना ओळखणार नाही. ती आधार बघेल, संगणकावरचं नाव बघेल आणि विचारेल, बाळासाहेब कोण?

यातून पहिली गोष्ट लक्षात घ्या. नॉमिनी माणसाला लागत नाही, खात्याला लागतो. बचत खात्यावर लावला म्हणून एफडीवर आपोआप लागत नाही. एका एफडीवर लावला म्हणून दुसरीवर लागत नाही. लॉकर असेल तर त्याचा फॉर्म आणखी वेगळा. म्हणून 'सगळीकडे लावलाय' यावर विसंबू नका, एकेक पावती बघा.

आता तुमचा पहिला प्रश्न: "नॉमिनी म्हणजे वारसच ना?"

नाही. सगळा घोळ इथेच आहे, आणि तो आपल्या बोलण्यातूनच झालाय. आपण म्हणतो, 'खात्याला वारस लावला.' बँकेत तुम्ही फक्त एवढंच सांगता, की माझ्या पश्चात या खात्यातले पैसे बँकेने कोणाच्या हातात द्यावेत. ते पैसे कोणाच्या मालकीचे, हे बँक ठरवत नाही. ते मृत्युपत्राने ठरतं आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने. नॉमिनी पैसे स्वीकारतो आणि ज्यांचे असतील त्यांना पोचवायची जबाबदारी त्याच्यावर येते. आमच्या परिपत्रकांत त्याला वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणतात.

मग ही सोय केली कशासाठी? बँकेच्या सोयीसाठी, असं मी स्पष्टच सांगते. माणूस गेला की त्याचे वारस किती, कोण सावत्र, कोणाला वाटा द्यायचा, हे भांडण बँकेच्या काउंटरवर सोडवता येत नाही. म्हणून बँकिंग रेग्युलेशन कायद्यात ही तरतूद घातली गेली आणि १९८५ साली तिचे नियम आले. नोंदवलेल्या नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी. पण त्यातून घरच्यांचीही मोठी सोय होते, ती पुढे सांगते.

कोर्टानेही हे वारंवार स्पष्ट केलंय. २०१० साली एका बँक ठेवीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नॉमिनीला पैसे घेण्याचा अधिकार आहे, पण त्यामुळे तो त्या पैशांचा मालक होत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेलच. ते काढणारे जयंत साळगावकर २०१३ साली गेले. त्यांच्या पश्चात म्युच्युअल फंडांवरच्या नॉमिनीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला: शेअर आणि फंडांच्या बाबतीतही नॉमिनी असणं म्हणजे वारसाहक्क मिळणं नव्हे. आयुर्विम्याचे नियम मात्र २०१५ पासून थोडे वेगळे आहेत. तिथे आईवडील, नवरा-बायको, मुलं यांना नॉमिनी केलं तर ती रक्कम सहसा त्यांचीच होते. तेव्हा विम्याच्या एजंटने सांगितलेलं बँकेला लावू नका.

तुमचंच उदाहरण घेऊ. समजा नऊ लाखांच्या दोन्ही एफडींवर तुम्ही थोरल्यांना, म्हणजे दत्तात्रयदादांना, नॉमिनी केलं आणि मृत्युपत्र केलं नाही. तुम्हाला दोन मुलगे आणि एक मुलगी. तुमच्या पश्चात दादा बँकेत येतील, महापालिकेचा मृत्यूचा दाखला आणि स्वतःचं ओळखपत्र दाखवतील, क्लेमचा फॉर्म भरतील. बँक सगळे नऊ लाख त्यांच्या खात्यात जमा करेल. धाकट्यांना विचारणार नाही, ताईंना विचारणार नाही, कोणाचं नाहरकतपत्र मागणार नाही. पण हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्या नऊ लाखांवर तिघांचा सारखा हक्क आहे, लग्न झालेल्या ताईंचाही. म्हणजे दादांनी घरी जाऊन धाकट्यांना तीन लाख आणि ताईंना तीन लाख द्यायचे आहेत.

आता समजा दादांनी दिले नाहीत. ताई बँकेत आल्या आणि म्हणाल्या, "आईचे पैसे तुम्ही त्याला एकट्याला कसे दिलेत?" मी त्यांना बसायला खुर्ची देईन, पाणी देईन, पण बँक त्या बाबतीत काही करू शकत नाही. पैसे देण्याआधी ताईंनी अर्ज दिला, 'भावाला पैसे देऊ नयेत', तरी नुसत्या अर्जावर आम्हाला थांबता येत नाही. कायद्यातच तसं लिहिलंय. आम्हाला थांबवायचं तर कोर्टाचा आदेश आणावा लागतो. पैसे दिल्यानंतर ताईंचा वाद भावाशी, आणि तो दिवाणी कोर्टात. बँक त्यात नाही.

दुसरा प्रश्न तुम्ही जरा आवाज खाली आणून विचारलात: "नॉमिनी लावला तर तो माझ्या डोळ्यांदेखत पैसे काढील का गं?"

नाही काढू शकत. तुम्ही हयात आहात तोवर नॉमिनीचा खात्याशी काडीचा संबंध नाही. त्याला बॅलन्स विचारता येत नाही, पासबुक भरून मागता येत नाही, एफडी मोडता येत नाही. तुम्ही त्याला न सांगता नॉमिनी करू शकता आणि न सांगता काढूही शकता.  

पण तुमच्या शेजारणीने जो सल्ला दिलाय ना, 'मुलाचं नाव जॉइंट लाव, म्हणजे नॉमिनीची भानगडच नको', त्याची भीती मात्र खरी आहे. जॉइंट खात्यावर 'ईदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलं असेल, तर दोघांपैकी कोणीही एकटा सही करून पैसे काढू शकतो. आज, आत्ता, तुम्ही घरी पोथी वाचत असताना. तुम्ही आणि आजोबांचं खातं तसंच होतं, आणि नवरा-बायकोत ते ठीकच असतं. दादा चांगले आहेत, मी त्यांच्याबद्दल बोलत नाही. पण जॉइंट नाव म्हणजे आजपासून सहीचा अधिकार, आणि नॉमिनी म्हणजे तुमच्या पश्चात पैसे घेण्याचा अधिकार. ज्यांना बँकेत येणं झेपत नाही, त्यांना जॉइंट नावाची गरज पडतेच. तुम्ही तर जिना चढून पहिल्या मजल्यावर येता.

जॉइंट खात्यात आणखी एक गंमत असते. एक खातेदार गेला तर पैसे मागे राहिलेल्याला मिळतात, नॉमिनीला नाही. दोघंही गेल्यावरच नॉमिनीचा नंबर लागतो. म्हणून आजोबा गेले तेव्हा बचत खातं तुमच्याकडे आलं आणि बाळासाहेबांना कोणी विचारलं नाही. आजोबांचं नाव मात्र अजून त्या खात्यावर आहे. मृत्यूचा दाखला आणून ते कमी करून घ्या. मग नव्या नॉमिनीच्या फॉर्मवर तुमची एकटीची सही चालेल. जॉइंट खात्यात सगळ्या खातेदारांनी मिळून सही करावी लागते, आणि आजोबांची सही आता कुठून आणणार?

एटीएम कार्डाबद्दलही इथेच लिहिते. तुमचं कार्ड आणि पिन दादांकडे आहे, हे मला रांगेत उभ्या असलेल्या तुमच्या नातवानेच सांगितलं. तुमच्या हयातीत तो तुमचा प्रश्न आहे, जरी बँक पिन कोणालाही देऊ नका असंच सांगत असली तरी. पण खातेदार गेल्यानंतर कार्डाने पैसे काढणं, आधी सही करून ठेवलेला चेक वटवणं हे चालत नाही. माणूस गेला की त्याने दिलेले सगळे अधिकार संपतात, कुलमुखत्यारपत्रसुद्धा. नॉमिनी असला तरी त्याने आधी क्लेम करायचा, मग पैसे घ्यायचे. कार्याचा खर्च आहे म्हणून घाईघाईने कार्डाने काढलेले पैसे पुढे भावंडांच्या भांडणात निघतात. पेन्शनच्या खात्यात तर आणखी पंचाईत. माणूस गेल्यानंतरच्या महिन्यांची पेन्शन जमा झाली असेल तर ती परत करावी लागते, आणि तोवर कोणी ती काढली असेल तर बँक त्याच्या मागे लागते.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड होता. "एकाला लावलं तर दुसरा म्हणेल, आईने सगळं त्यालाच दिलं. मग कोणालाच लावत नाही."

असं करू नका, आजी. नॉमिनी नसला तर काय होतं ते सांगते.

नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला, ओळखपत्र, क्लेमचा फॉर्म, बस्स. सगळे कागद मिळाल्यापासून बँकेने १५ दिवसांत पैसे द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि उशीर बँकेमुळे झाला तर भरपाईचं व्याज बँकेलाच द्यावं लागतं. हमीपत्र नाही, जामीन नाही, कोर्टाचा कागद नाही.

नॉमिनी नसेल आणि जॉइंटही कोणी नसेल, तर आधी सगळे वारस शोधायचे. रक्कम ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर कोर्टाशिवाय भागतं. आता ही मर्यादा व्यापारी बँकांसाठी १५ लाख आणि सहकारी बँकांसाठी ५ लाख धरली जाते. बँकेने ठरवलं तर ती याहून जास्तही असू शकते. मर्यादेच्या आत असलं तरी पैसे घेणाऱ्यांनी हमीपत्र लिहून द्यायचं. जे वारस पैसे घेणार नाहीत, त्यांनी 'आमचा दावा नाही' असं लिहून सही करायची. शिवाय कुटुंबाला ओळखणाऱ्या तिऱ्हाइताने, वारस एवढेच आहेत असं सांगायचं, किंवा वारस दाखला आणायचा. तुमचे नऊ लाख आणि बचत खात्यातले दीडेक लाख मिळून व्यापारी बँकेच्या मर्यादेत बसतात. पण ताई दुबईला आहेत. त्यांचा कागद तिथून साक्षांकित होऊन यायचा. धाकट्यांचं आणि दादांचं बोलणं बंद आहे, असंही तुम्हीच म्हणालात. म्हणजे तीन सह्या एका कागदावर यायला किती महिने लागतील, तुम्हीच हिशोब करा.

आणि रक्कम मर्यादेबाहेर गेली की कोर्ट आलं. आपल्याकडे दिवाणी न्यायालयातून वारस दाखला किंवा सक्सेशन सर्टिफिकेट काढावं लागतं. वकील, कोर्ट फी, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, तारखा. कोणीच काही केलं नाही आणि खातं दहा वर्षं तसंच पडून राहिलं, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जातात. तिथून ते परत मिळतात, बुडत नाहीत, पण पुन्हा तेच कागद, आणि तेव्हा ते शोधणारी माणसंही म्हातारी झालेली असतात.

कोणालाच न लावणं हा उपाय नाही, तर मग भांडण टाळायचं कसं? तुमच्यासाठी एक चांगली गोष्ट झाली आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींवर एकाऐवजी चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. ते दोन प्रकारे लावता येतात, आणि कोणता प्रकार निवडता याने फार फरक पडतो.

पहिला प्रकार एकाच वेळी, टक्क्यांनी. दादा ३४, धाकटे ३३, ताई ३३ असं तुम्ही लिहून द्यायचं. बेरीज शंभर यायलाच हवी. मग तुमच्या पश्चात प्रत्येक जण येऊन आपापल्या टक्क्याचे पैसे घेऊन जाईल, कोणी कोणाच्या दारात जायची गरज नाही. यात एक बारकावा आहे. तिघांपैकी एखादा तुमच्या आधी गेला, तर फक्त त्याच्या हिश्शापुरती नॉमिनीची नोंद संपते. ते ३३ टक्के बाकीच्या दोघांत आपोआप वाटले जात नाहीत. तेवढ्यापुरतं 'नॉमिनी नाही' असं धरून वारसांचे कागद मागितले जातात. म्हणून घरात काही घडलं की फॉर्म बदलायचा.

दुसरा प्रकार एकामागून एक. पहिला नंबर दादांचा, ते नसतील तर धाकट्यांचा, तेही नसतील तर ताईंचा. यात पैसे सगळे एकालाच मिळतात, जो क्रमात वर आणि हयात असेल त्याला. लॉकरला फक्त हाच प्रकार चालतो, टक्केवारी नाही. आणि ते बरोबरच आहे, एका लॉकरच्या किल्लीचे टक्के कसे करायचे?

तुमच्या घरासाठी मी टक्केवारीचा प्रकार सुचवेन. पण त्याबरोबर एक गोष्ट लक्षात ठेवा. टक्के लिहिले म्हणून ती वाटणी कायद्याने पक्की झाली असं नाही. नॉमिनी पैसे घेणाराच राहतो, मग तो एक असो वा चार. सारखी वाटणी तुम्हाला हवी आहे आणि वारसा कायदाही सारखीच सांगतो, म्हणून तुमच्या बाबतीत दोन्ही जुळतं. पण समजा तुम्हाला ताईंना जास्त द्यायचं आहे, किंवा ज्या सुनेने तुमचं सगळं केलं तिला काही द्यायचं आहे, तर नॉमिनीच्या फॉर्मवर तिचा टक्का वाढवून भागणार नाही. त्यासाठी मृत्युपत्र हवं. ते साध्या कागदावरही होतं, स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. तुमची सही दोन साक्षीदारांसमोर आणि त्यांच्या सह्या तुमच्यासमोर, एवढं हवं. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये, पुढे बोलायला जागा राहते. मृत्युपत्र आणि नॉमिनी यांत मेळ ठेवा. मृत्युपत्रात एक आणि बँकेत दुसरंच असं असेल, तर बँक आधी नॉमिनीला पैसे देईल आणि ज्याच्या नावे तुम्ही लिहून ठेवलंय त्याला ते त्याच्याकडून मागत बसावं लागेल.

आता फॉर्म भरताना काय बघायचं ते सांगते. नॉमिनीचं नाव आधार कार्डावर जसं आहे अगदी तसं लिहा. बाळासाहेब नको, दत्तात्रय. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. ताईंचं नाव माहेरचं लिहिलंत आणि त्यांच्या पासपोर्टवर सासरचं असेल, तर उद्या त्यांना लग्नाचा दाखला शोधावा लागेल. आज त्या जे नाव लावतात तेच लिहा. नातवाला नॉमिनी करायचा तुमचा विचार असेल तर तोही चालतो, पण तो अठराच्या आत आहे. मग त्याच्या वतीने पैसे कोणी घ्यायचे, त्या मोठ्या माणसाचंही नाव द्यावं लागतं, आणि नातवाची जन्मतारीख. तो अठरा वर्षांचा झाला की स्वतःच घेऊ शकतो.

सही तुमची तुम्हीच करायची. तुमचा हात अलीकडे थरथरतो आणि सही जुळत नाही हे मला माहीत आहे. सही होतच नसेल तर अंगठा चालतो, पण त्याला दोन साक्षीदार लागतात. सहीला साक्षीदाराची गरज नाही. नॉमिनीला बरोबर आणायची गरज नाही, त्याची सहीही लागत नाही. कोणी 'नॉमिनीला घेऊन या' म्हणालं तर मला बोलवा.

आणि सगळ्यात शेवटी, फॉर्म दिला की काम झालं असं समजू नका. फॉर्म टेबलावरच्या ट्रेमध्ये राहतो आणि संगणकात चढतच नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय, की आता कोणी फॉर्म दिला की मी आधी तो चढवते आणि मग पुढच्याला हाक मारते. फॉर्म दिल्याची पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे. ती शिक्क्यासह मागून घ्या. मग दोनेक दिवसांनी एफडीच्या पावत्या नव्याने छापून घ्या आणि पासबुक भरून घ्या. तिन्हींवर 'नॉमिनेशन रजिस्टर्ड' दिसलं पाहिजे.

येताना दोन्ही एफडीच्या पावत्या, पासबुक, तुमचं आधार कार्ड, आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत आणि एक झेरॉक्स, आणि तिन्ही मुलांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स आणा. ताईंचं आधार हाताशी नसेल तर पासपोर्टचं पहिलं पान फोनवर मागवून घ्या. त्यावरचं नाव आणि जन्मतारीख मला हवी आहे. दुपारी तीननंतर या, तेव्हा रांग नसते. आणि मी नसले तरी ज्याच्याकडे द्याल त्याच्याकडून पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.